सावलीपासून सुईपर्यंत: छातीच्या एक्स-रेत ‘हायलम ठळक’ आला की पुढे काय करायचं

रिपोर्टवर दोन-तीन ओळीच असतात. ‘दोन्ही बाजूंचे हायलम ठळक. मेडियास्टिनम रुंद दिसते. गाठींची शक्यता, कॉन्ट्रास्ट सीटी करावा.’ माणूस खोकल्यासाठी गेलेला असतो आणि घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात तीन शब्द बसलेले असतात: टीबी, सार्कॉइडोसिस आणि लिम्फोमा. सार्कॉइडोसिसमध्ये दाहाच्या पेशींचे बारीक पुंजके अवयवांत जमतात, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. हे तिन्ही शब्द खोटे नाहीत. पण एक्स-रेने त्यातला एकही सांगितलेला नसतो. एक्स-रेने एवढंच सांगितलंय की एका ठिकाणची सावली नेहमीपेक्षा मोठी आहे.

या सावलीपासून निदानापर्यंत जायला ठरावीक पायऱ्या आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. क्रम चुकला की काय होतं हे मी छातीरोगाच्या ओपीडीत बऱ्याचदा पाहिलंय, म्हणून एकच रुग्ण धरून सगळं सांगतो. बाई ३४ वर्षांच्या, शाळेत शिकवणाऱ्या. सहा आठवडे कोरडा खोकला, थकवा, वजन दोन किलो कमी. ताप नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, तपासण्यांचा क्रम तोच ठेवला आहे.

आधी शब्द समजून घेऊ

दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेला मेडियास्टिनम म्हणतात. हृदय, महाधमनी, श्वासनलिका, अन्ननलिका आणि बऱ्याच लसिका ग्रंथी तिथे दाटीवाटीने असतात. हायलम म्हणजे फुप्फुसाचा देठ. पानाला देठातून शिरा जाव्यात तशा श्वासनलिकेची शाखा आणि रक्तवाहिन्या तिथून फुप्फुसात शिरतात. त्या देठाभोवतीही ग्रंथी असतात. निरोगी माणसात या ग्रंथी इतक्या लहान असतात की एक्स-रेत त्या वेगळ्या दिसतच नाहीत. हायलमची जी सावली दिसते ती जवळजवळ सगळी रक्तवाहिन्यांची असते. ‘हायलम ठळक’ वाचलं की पहिला प्रश्न ‘कुठला आजार?’ हा नसून ‘ही सावली कशाची?’ हा आहे, तो यामुळे.

सावली खरी आहे का?

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, म्हणून इथे थोडा थांबतो.

रुंद मेडियास्टिनमचं फार साधं कारण म्हणजे फिल्म कशी काढली ते. उभं राहून, छाती फिल्मला टेकवून, मागून किरण टाकून काढलेला एक्स-रे वाचायला चांगला. पलंगावर झोपवून पुढून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय फिल्मपासून लांब पडतं आणि त्याची सावली पसरते. दिव्याच्या जवळ हात नेला की भिंतीवरची सावली मोठी होते, तेच इथे होतं. शिवाय झोपलेल्या माणसाच्या छातीतल्या शिरा जास्त भरतात. त्यामुळे झोपून काढलेल्या फिल्मवरून ‘मेडियास्टिनम रुंद’ म्हणताना जपून म्हणावं लागतं.

दुसरी गोष्ट श्वासाची. पूर्ण श्वास घेतलेल्या फिल्ममध्ये छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर मागच्या बाजूच्या नऊ ते दहा बरगड्या मोजता येतात. सात-आठच दिसल्या तर श्वास अर्धवट होता, आणि अर्धवट श्वासात मधली सावली आडवी फुगते. तिसरी गोष्ट, रुग्ण थोडा वळलेला होता का? दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर हवीत. एक टोक जवळ आणि दुसरं लांब असेल तर एका बाजूचा हायलम उगाच मोठा वाटतो.

या बाईंच्या पहिल्या फिल्ममध्ये मी बरगड्या मोजल्या. सात. खोकला येत होता म्हणून त्यांनी श्वास धरलाच नव्हता. त्यांना समजावून, दोन-तीनदा श्वास घेऊन धरायचा सराव करवून फिल्म पुन्हा काढली. या वेळी दहा बरगड्या दिसल्या. मधली सावली बरीच अरुंद झाली, म्हणजे ‘रुंद मेडियास्टिनम’चा निम्मा भाग श्वासाचा होता. दोन्ही हायलम मात्र तसेच राहिले, गोलसर आणि खडबडीत कडांचे. पाच मिनिटांच्या कामाने प्रश्न नेमका झाला.

याच पायरीवर जुनी फिल्म शोधा. नोकरीच्या वेळी, शस्त्रक्रियेआधी किंवा कधी तरी न्यूमोनियात काढलेली असते, कपाटात पडलेली असते. पाच वर्षांपूर्वीही हायलम असाच असेल तर चिंता खूप कमी होते. मागच्या वर्षी तो साफ असेल तर पुढच्या तपासण्या लांबवून चालत नाही. बाईंकडे चार वर्षांपूर्वीची फिल्म निघाली, तीत हायलम अगदी नेहमीसारखे होते.

एक अपवाद इथेच सांगतो, कारण त्यात यातलं काहीच करत बसायचं नसतं. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी वेदना आणि सोबत रुंद मेडियास्टिनम असेल, तर महाधमनीचा पदर फाटल्याची शक्यता धरून माणसाला थेट तातडीच्या विभागात न्यायचं. चेहरा आणि मान सुजणं, मानेच्या शिरा फुगणं, वाकल्यावर डोकं जड होणं, उताणं झोपल्यावर श्वास अडकणं, श्वास घेताना घुरघुर आवाज येणं, यातलं काहीही असेल तर मोठी गाठ शिरेवर किंवा श्वासनलिकेवर दाब देत असू शकते. तेव्हा ओपीडीची तारीख घेऊन थांबायचं नाही.

रक्तवाहिनी की गाठ?

फुप्फुसाच्या रक्तदाबामुळे धमन्या जाड झाल्या तरी हायलम मोठा दिसतो. फरक आकारात असतो. धमनीची सावली गुळगुळीत असते, तिच्या कडेतूनच फांद्या फुटताना दिसतात आणि त्या बाहेरच्या बाजूला निमुळत्या होत जातात. गाठींची सावली बटाट्यासारखी उंचसखल असते, आणि रक्तवाहिन्या तिच्या कडेतून न निघता तिच्या आरपार जाताना दिसतात. डावा हायलम उजव्यापेक्षा थोडा वर असणं नेहमीचंच आहे, त्याला कोणी दोष समजू नये.

आणखी दोन जागा बघायच्या असतात. श्वासनलिकेच्या उजव्या कडेला एक बारीक पांढरी रेघ असते, तिची जाडी साधारण ४ मिमीपर्यंत असते. ती जाड झाली तर तिथल्या ग्रंथी वाढल्याचा संशय येतो. डाव्या बाजूला महाधमनीचा फुगवटा आणि फुप्फुसाची धमनी यांच्यामध्ये एक खाच असते, ती आत वळलेली किंवा फार तर सरळ असावी. ती बाहेर फुगलेली दिसली तर आत काही तरी भरलंय. बाईंच्या फिल्ममध्ये दोन्ही हायलम उंचसखल होते आणि उजवी रेघ जाड होती. दोन्ही हायलम आणि श्वासनलिकेची उजवी बाजू, ही तिकडी सार्कॉइडोसिसमध्ये वारंवार दिसते. ‘वारंवार दिसते’ याचा अर्थ ‘तोच आहे’ असा मात्र होत नाही.

एका बाजूचाच हायलम मोठा असेल तर विचार बदलतो. मुलांमध्ये पहिल्यांदा झालेला टीबी, आणि वय वाढलेल्या, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसात फुप्फुसाचा कर्करोग आधी मनात येतो. छातीच्या पुढच्या भागात मोठी सावली आणि ती दोन्हीकडे वेडीवाकडी पसरलेली असेल तर लिम्फोमा. या सगळ्या फक्त शक्यता आहेत, यांच्या जोरावर कुणाला औषध सुरू करायचं नसतं.

सीटीच्या आधी हात आणि कान वापरा

सीटीची चिठ्ठी लिहिण्याआधी दहा मिनिटं रुग्णाला द्यावीत. गळपट्टीच्या हाडामागचा खड्डा, मान, काख बोटांनी नीट चाचपावी. तिथे गाठ लागली तर पुढचा अर्धा रस्ता वाचतो, कारण छातीच्या आत सुई नेण्यापेक्षा मानेतली गाठ काढणं कितीतरी सोपं. त्वचेवर काही उठलंय का, घोट्यांजवळ दुखऱ्या लाल गाठी आहेत का, डोळे लाल होऊन दुखतात का, दगड फोडण्याच्या किंवा वाळूच्या धुळीत काम केलंय का, घरात कुणाला टीबी झालाय का, फिटसाठी फेनिटॉइन चालू आहे का, हे विचारावं. फेनिटॉइनने गाठी वाढू शकतात, आणि गोळी विचारलीच नाही तर ते कारण कुणाला सुचत नाही.

रक्तात पेशींची मोजणी, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन, कॅल्शियम, पेशींची मोडतोड दाखवणारं एलडीएच आणि एचआयव्ही एवढं पुरतं. खोकल्यात बेडका येत असेल तर तो टीबीसाठी पाठवावा. सार्कॉइडोसिससाठी ‘एसीई’ नावाची तपासणी बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये दिसते. माझं मत विचाराल तर तिच्यावर निदान टांगू नये. आजार असूनही ती नॉर्मल येते आणि इतर आजारांतही वाढते. रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर त्यांच्यामुळेच ती खाली येते.

या टप्प्यावर एक चूक सर्रास होते. खोकला आहे म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक दिलं जातं. ते टीबीच्या जंतूंवरही काम करतं. आठवडाभर बरं वाटतं, पुढे कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघताना, जंतू उगवत नाहीत आणि निदान लांबतं. ते घेऊन झालं असेल तर डॉक्टरांना तसं जरूर सांगा, म्हणजे नमुना कधी घ्यायचा हे ठरवता येतं.

सीटी: गाठ किती, कुठे आणि आत काय

छातीतल्या गाठींसाठी सीटी शक्यतो कॉन्ट्रास्ट देऊन करतात. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून दिलेलं औषध. त्याने रक्तवाहिन्या पांढऱ्या उजळतात आणि गाठी राखाडी राहतात, त्यामुळे दोन्ही वेगळ्या ओळखू येतात. आधी क्रिएटिनिन बघतात. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पुरळ किंवा श्वासाचा त्रास झाला असेल, मूत्रपिंडाचा आजार असून मेटफॉर्मिन चालू असेल किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असेल तर टेबलावर झोपण्याआधीच सांगायचं.

रिपोर्टमध्ये गाठींचं माप असतं. गाठ लांबट असते, तिची लांबी आणि रुंदी अशी दोन मापं घेता येतात. हिशोबात धरायचं माप असतं रुंदीचं, म्हणजे दोन्हींपैकी लहान. ते १० मिमीपेक्षा जास्त असलं की गाठ वाढलेली मानतात. ‘२४ मिमीची गाठ’ वाचून घाबरलेल्या माणसाला विचारावं, ही लांबी की रुंदी? २४ लांब आणि ९ रुंद अशी गाठ बहुधा काहीच सांगत नसते.

मापापेक्षा जास्त बोलतं ते गाठीचं पोट. गाठीच्या मध्यभागी चरबीचा ठिपका टिकून असेल तर ती साधी असण्याकडे कल. मध्यभाग काळा आणि भोवती उजळ कडा असेल तर आत मेलेला भाग आहे, तेव्हा टीबी आधी आठवतो, पण कर्करोगाच्या गाठीही तशा दिसतात. अंड्याच्या कवचासारखा चुन्याचा पातळ थर सिलिकाच्या धुळीत काम केलेल्यांत दिसतो, कधी जुन्या सार्कॉइडोसिसमध्येही. आणि सीटीत फुप्फुसंही बघायची असतात, कारण कधी कधी निदानाची किल्ली गाठीत नसून शेजारच्या फुप्फुसातल्या दाण्यांच्या रचनेत असते.

गाठींच्या जागांना आकडे दिलेले आहेत. श्वासनलिकेच्या खालच्या भागाजवळ उजवीकडे चार-आर, जिथे तिच्या दोन शाखा होतात त्याच्या खाली सात, हायलमजवळ दहा आणि अकरा. रिपोर्टवरचे हे आकडे पत्त्यासारखे असतात. पुढे सुई कुठे घालायची ते याच पत्त्यावरून ठरतं.

बाईंच्या सीटीत चार-आर १६ मिमी, सात २२ मिमी, दोन्ही हायलमच्या गाठी साधारण १४ मिमी. सगळ्या सलग करड्या, आत मेलेला भाग नाही. फुप्फुसांचे कप्पे वेगळे करणाऱ्या रेषांवर बारीक दाणे. रेडिओलॉजिस्टने लिहिलं, ‘सार्कॉइडोसिसची शक्यता जास्त, टीबी आणि लिम्फोमा वगळावेत.’ असं वाक्य वाचून लोक डॉक्टर टाळाटाळ करतायत असं म्हणतात. खरं तर प्रामाणिक रिपोर्ट असाच असतो.

थांबायचं की नमुना घ्यायचा

प्रत्येक वाढलेल्या गाठीत सुई घालायची नसते. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत गाठ सापडली, रुंदी १५ मिमीच्या आत आहे, त्रास काही नाही, वजन टिकून आहे, कर्करोगाचा इतिहास नाही आणि गाठ दिसायला साधी आहे, तर ती तशीच सोडून देता येते. १५ मिमी किंवा त्याहून मोठी असून कारण सापडत नसेल तर तीन ते सहा महिन्यांनी सीटी पुन्हा करणं, पेट स्कॅन करणं किंवा नमुना घेणं, यातलं काही तरी ठरवावं लागतं. हृदय कमजोर होऊन पाणी साठलं तरी या गाठी फुगतात, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. अशा रुग्णाचं पाणी उतरवून पुन्हा बघितलं की गाठी लहान झालेल्या आढळतात. न्यूमोनियानंतरही तेच.

एक चित्र असं आहे की नमुना न घेताही सार्कॉइडोसिस म्हणता येतं. दोन्ही हायलम मोठे, पायांवर दुखऱ्या लाल गाठी, घोटे सुजलेले आणि ताप, हे सगळं एकत्र आलं तर त्याला लॉफग्रेन सिंड्रोम म्हणतात. ते बहुतेकांचं आपोआप शमतं. बाईंना पायावर काही नव्हतं, वजन उतरलं होतं आणि सातव्या जागेची गाठ २२ मिमी होती. नमुना घ्यायचाच, हे ठरलं.

पेट स्कॅनमध्ये जास्त साखर खेचणाऱ्या पेशी चमकतात. त्याबद्दल गैरसमज फार. ‘गाठ पेटमध्ये चमकली’ म्हणजे कर्करोग असं नाही. टीबी चमकतो, सार्कॉइडोसिस तर झगझगीत चमकतो. मी पेट सांगतो तो बहुधा दोन वेळा: कर्करोग ठरल्यावर तो कुठवर पसरलाय ते बघायला, किंवा सोपी जागा सापडत नसताना सुईसाठी पत्ता शोधायला.

सुई कशी जाते

नियम एकच धरायचा: सगळ्यात सोप्या जागेचा नमुना आधी. मानेत गाठ असेल तर मान. नसेल तर छातीतल्या गाठींसाठी आज बहुतेक ठिकाणी दुर्बिणीच्या टोकावर सोनोग्राफी असलेली तपासणी करतात. तिला ईबस म्हणतात. दुर्बीण तोंडातून श्वासनलिकेत जाते, पडद्यावर भिंतीपलीकडची गाठ आणि तिच्या शेजारची रक्तवाहिनी दिसते, आणि डोळ्यांसमोर सुई भिंतीतून गाठीत शिरते.

आदल्या रात्रीनंतर जड खायचं नाही, निदान सहा तास पोट रिकामं हवं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने थांबवायची नाहीत. कुठली किती दिवस थांबवायची ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरतं. झोपेचं इंजेक्शन देतात, त्यामुळे सोबत माणूस हवा. एका गाठीतून सुई साधारण तीन किंवा जास्त वेळा फिरवतात. नंतर घसा खवखवतो, बेडक्यात रक्ताची बारीक रेघ येते, रात्री थोडा ताप येऊ शकतो. हे एक-दोन दिवसांत जायला हवं. भरपूर रक्त, वाढता श्वास किंवा उतरत नसलेला ताप आला तर परत यायचं. असं क्वचित होतं, पण होतं.

काही गाठींपर्यंत हा रस्ता जात नाही. महाधमनीच्या डाव्या बाजूच्या पाच आणि सहा क्रमांकाच्या गाठी त्यातल्या. त्यांच्यासाठी छातीत पुढून छोटी चीर देऊन किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने नमुना घ्यावा लागतो. छातीच्या पुढच्या भागातल्या मोठ्या गाठीत सीटीच्या मदतीने बाहेरून सुई घालता येते.

बाटल्या

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे आलो.

सुईतून जे बाहेर येतं ते ओल्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं असतं, लालसर, मध्ये एखादी पांढरी रेघ. इतकंसंच. त्याचं काय करायचं हे सुई घालण्याआधी ठरलेलं असावं लागतं, कारण एकाच तुकड्याला तीन वेगळ्या लोकांच्या हातात जायचं असतं. थोडा भाग काचेच्या पट्टीवर पसरतात, तो पेशी बघायला. थोडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत, त्याचा मेणाचा ठोकळा करून पातळ काप काढायला. आणि थोडा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये, टीबीच्या कल्चरला आणि जनुकीय चाचणीला. लिम्फोमाचा संशय असेल तर पेशींचे गट मोजायला आणखी एक ताजा भाग, तोही फॉर्मॅलिनशिवाय.

फॉर्मॅलिन जंतू मारतं. सगळा नमुना त्याच बाटलीत टाकला की कल्चर कायमचं हातातून गेलं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याच एका रुग्णाच्या बाबतीत हे झालं. दोन बाटल्या भरल्या, दोन्हीत फॉर्मॅलिन. रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमा’ आला, टीबी की सार्कॉइडोसिस हे सांगणारं काहीच उरलं नाही, आणि त्या माणसाला पुन्हा दुर्बिणीखाली झोपावं लागलं. तेव्हापासून मी बाटल्या टेबलावर मांडून, प्रत्येकीवर काय आहे ते स्वतः वाचल्याशिवाय सुई मागत नाही. नातेवाईकांनी नमुना प्रयोगशाळेत नेऊन द्यायचा असेल तर एवढंच विचारावं: कल्चरची बाटली कुठली, आणि तीत सलाइन आहे ना?

रिपोर्ट वाचताना

‘ग्रॅन्युलोमा’ हे निदान नाही. शरीराने कशाला तरी घेरण्यासाठी पेशींची गोल तटबंदी उभारली, एवढाच त्याचा अर्थ. आत मेलेला भाग असेल तर टीबीकडे कल, नसेल तर सार्कॉइडोसिसकडे. पण टीबीतही आतला भाग न मेलेला असू शकतो, आणि कर्करोगाच्या शेजारच्या गाठींतही ग्रॅन्युलोमा सापडतात. म्हणून जंतूंच्या तपासण्या सोबत लागतात. जनुकीय चाचणीचं उत्तर काही तासांत मिळतं आणि रिफॅम्पिसिन हे औषध चालेल का तेही कळतं. गाठींमध्ये जंतू थोडे असतात, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी सुटत नाही. कल्चर सहा आठवडे ठेवतात.

‘कर्कपेशी आढळल्या नाहीत’ आणि ‘नमुना अपुरा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नमुन्यात ग्रंथीच्या पेशीच नसतील तर सुई गाठीत पोचलीच नाही, तो निगेटिव्ह रिपोर्ट नव्हे. लिम्फोमात तर चांगला नमुनाही फसवतो. हॉजकिन लिम्फोमात मूळ दोषी पेशी फार विरळ असतात आणि बारीक सुईत येतीलच असं नाही. संशय दाट असेल तर निगेटिव्ह ईबसवर न थांबता जाड सुईचा तुकडा किंवा अख्खी गाठ काढावी लागते. रात्री कपडे भिजवणारा घाम, उतरतं वजन, वाढलेला एलडीएच असताना ‘ईबस नॉर्मल आहे’ हे उत्तर मी घेत नाही.

मधल्या सहा आठवड्यांचा पेच

बाईंचा रिपोर्ट आला: आतला भाग न मेलेले ग्रॅन्युलोमा, कर्कपेशी नाहीत, जनुकीय चाचणी निगेटिव्ह. कल्चर चालू. त्यांचे दीर डॉक्टर. ते म्हणाले, “तोवर टीबीची औषधं सुरू करून बघू, किंवा स्टेरॉइड तरी देऊ. काही तरी तर द्यायला हवं ना, वहिनी किती खोकतायत.”

मी त्यांना माझी बाजू सांगितली. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या गाठी काही दिवस वितळतात, मग त्यातून नमुना घेतला तर निदान निघत नाही. टीबी निघाला तर त्यावर स्टेरॉइड एकटं दिल्याने तो पसरतो. आणि टीबीची औषधं ‘बघू’ म्हणून दिली तर उत्तर वाचताच येत नाही. सार्कॉइडोसिसच्या गाठी पुष्कळदा आपोआप लहान होतात, श्रेय टीबीच्या गोळ्यांना जातं. उलट खरोखर टीबी असून औषध बरोबर लागू पडत असतानाही गाठी काही काळ वाढू शकतात, तेव्हा लोक घाबरून औषध बदलतात. दोन्हीकडून फसगत. रुग्णाला श्वास लागत असता, गाठ दाबत असती किंवा प्रकृती ढासळत असती तर थांबण्याचा हट्ट मी धरला नसता. या बाईंचा ऑक्सिजन नॉर्मल होता, कॅल्शियम नॉर्मल होतं, त्या शाळेत जात होत्या.

त्या सहा आठवड्यांत आम्ही डोळे तपासून घेतले, कारण सार्कॉइडोसिस डोळ्यांत मुकाट शिरतो. ईसीजी काढला, कारण तो हृदयाच्या विद्युतवाहिन्यांतही जाऊ शकतो. दोन्ही ठीक. दर पंधरा दिवसांनी वजन, आणि ताप आला तर लगेच फोन, एवढंच ठरवलं होतं.

कल्चर बेचाळिसाव्या दिवशी निगेटिव्ह म्हणून बंद झालं. खोकला तोवर निम्म्यावर आला होता, औषधाशिवाय. सार्कॉइडोसिस असं निदान लिहिलं आणि स्टेरॉइड दिलं नाही. तीन महिन्यांनी काढलेल्या फिल्ममध्ये, पूर्ण श्वासाच्या, दहा बरगड्यांच्या, उजव्या हायलमचा बटाटा लिंबाएवढा झाला होता आणि श्वासनलिकेजवळची रेघ पुन्हा बारीक दिसत होती. त्या निघाल्या तेव्हा जुन्या फिल्मा टाकून देऊ का, असं विचारत होत्या. चारही फिल्मांवर तारखा घालून एका पाकिटात ठेवायला सांगितल्या, सहा महिन्यांनी येताना सोबत आणायच्या म्हणून.